डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरातले घड्याळ

डॉक्टरांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी मुळात केमिस्टला उद्देशून लिहिलेली असते, आणि म्हणून तिच्यात औषधाचे नाव, त्याची मात्रा, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस एवढेच तपशील, तेही संक्षेपांच्या भाषेत, उतरलेले असतात. घरी प्रत्यक्ष गोळी देणाऱ्या व्यक्तीपुढचा प्रश्न वेगळा असतो: सकाळचे आठ वाजले आहेत, आजींचा नाश्ता अजून व्हायचा आहे, तर आत्ता कोणती गोळी द्यायची आणि कोणती थांबवायची? अनेक घरांत आई-वडील एका गावी, मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शहरात अथवा परदेशात, आणि रुग्णाजवळ दिवसभर असणाऱ्या मावशी तिसऱ्याच, अशी स्थिती असते. तेथे चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर येतो, दूरचे माणूस तो वाचते आणि त्यावरून वेळापत्रक तयार करून परत पाठवते. या कामात तीन वेगवेगळ्या क्रिया दडलेल्या आहेत. जे लिहिले आहे ते उतरवणे, उतरवलेले बरोबर आहे का हे पडताळणे, आणि पडताळलेल्या मजकुराला घरातल्या जेवणाच्या वेळांशी जोडणे या त्या क्रिया असून, बहुतेक गंभीर चुका त्या एकाच दमात उरकल्यामुळे होतात.

फोटो आणि नक्कल

फोटो दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, बरोबर वरून काढलेला असावा, कारण तिरक्या फोटोत ओळी एकमेकींत शिरतात आणि कोणत्या औषधापुढे कोणता आकडा आहे हेच कळेनासे होते. कागदाचे चारही कोपरे दिसणे आवश्यक असते. समासातला बाण, दोन-तीन औषधांना एकत्र बांधणारा महिरपी कंस, खाली कोपऱ्यात लिहिलेली पुढच्या भेटीची तारीख, हे सारे औषधयोजनेचाच भाग असते आणि फोटो कापताना नेमके तेच जाते. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्यावा. संदेशाच्या अॅपमधून साधा फोटो पाठवला की तो आकुंचित होतो आणि बारीक अक्षरे विरघळतात, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ या स्वरूपात पाठवलेला बरा.

यानंतरची नक्कल ही शब्दशः नक्कल असावी. जे अक्षर लागले नाही तेथे प्रश्नचिन्ह टाकावे आणि ते पुढील पायरीपर्यंत तसेच राहू द्यावे. न लागलेले अक्षर संदर्भावरून भरून काढण्याची मनाची सवय एरवी उपयोगाची असते, पण औषधाच्या नावाच्या बाबतीत तीच घातक ठरते, कारण एकदा मनाने नाव ठरवले की पुन्हा पाहताना डोळ्यांना तेच नाव दिसू लागते.

भारतात चिठ्ठीवर वारंवार येणारी चिन्हे थोडीच आहेत. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा; ‘एसी’ म्हणजे जेवणाआधी, ‘पीसी’ म्हणजे जेवणानंतर, ‘बीबीएफ’ म्हणजे नाश्त्याआधी, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यासच. त्यांच्या जोडीला १-०-१ ही आकड्यांची पद्धत असते, जिच्यात पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा. अवधी दाखवण्याची एक जुनी ब्रिटिश रीत काही डॉक्टरांच्या लिखाणात अजून टिकून आहे: ५/७ म्हणजे पाच दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे आणि ३/१२ म्हणजे तीन महिने, कारण खालचा आकडा आठवड्यातले दिवस, वर्षातले आठवडे किंवा वर्षातले महिने सांगतो. ही रीत ठाऊक नसलेला वाचक ५/७ हा मात्रेचा अपूर्णांक समजू शकतो.

चुका कोठे होतात हेही बऱ्याच अंशी ठरलेले आहे. घाईत लिहिलेले ‘ओडी’ आणि ‘बीडी’ एकसारखे दिसतात. अर्ध्या गोळीसाठी लिहिलेला १/२ हा ‘एक ते दोन’ असा वाचला जातो. दशांश चिन्हाच्या आधी शून्य न लिहिता केवळ .५ लिहिले तर फोटोत टिंब नाहीसे होऊन पाच उरतात, आणि उलट १.० असे लिहिले तर त्याचे दहा होतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ या अर्थी लिहिलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसून दहाचे शंभर झाल्याच्या चुका वैद्यकीय जगात इतक्या परिचित आहेत, की औषधसुरक्षेच्या संस्था हा शब्द पूर्ण लिहावा असे सांगतात. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक असतो, आणि थायरॉइडच्या गोळीची मात्रा बहुधा मायक्रोग्रॅममध्ये असते.

नाव आणि मात्रा यांची एकमेकांशी साक्ष

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९९५ साली घडलेली एक घटना पडताळणीची गरज सर्वांत स्पष्टपणे दाखवते. तेथील एका हृदयरोगतज्ज्ञाने छातीच्या दुखण्यासाठी ‘आयसॉर्डिल’ हे औषध, २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, असे हाताने लिहून दिले. औषधविक्रेत्याने ते नाव ‘प्लेन्डिल’ असे वाचले, जे रक्तदाबाचे वेगळेच औषध आहे, आणि चिठ्ठीवरील मात्रा तशीच ठेवून ते रुग्णाला दिले. प्लेन्डिलची दिवसाची कमाल मात्रा साधारण १० मिलिग्रॅम असते. या वाचनानुसार रुग्णाच्या पोटात दिवसाला ८० मिलिग्रॅम जाणार होते. रुग्णाला हृदयविकाराचा झटका येऊन तो दगावला, आणि १९९९ साली ज्यूरीने डॉक्टर व औषधविक्रेता या दोघांनाही जबाबदार धरून साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली.

या घटनेत अक्षर वाईट होते हे खरे, पण चूक पकडण्याचे साधनही त्याच कागदावर होते. वाचलेले नाव आणि वाचलेली मात्रा एकमेकांना शोभत नव्हती. कोणत्याही औषधाच्या गोळ्या ठरावीक मात्रांतच मिळतात आणि त्या दिवसातून ठरावीक वेळाच घेतल्या जातात. म्हणून वाचलेल्या नावाची गोळी त्या मात्रेत बाजारात नसेल, किंवा नेहमी दिवसातून एकदा घेतले जाणारे औषध चार वेळा लिहिलेले दिसत असेल, तर संशय आधी स्वतःच्या वाचनावर घ्यावा. दुसरी साक्ष रुग्णाच्या आजाराची असते: यादीतील प्रत्येक औषध कोणत्या तक्रारीसाठी आहे हे सांगता आले पाहिजे, आणि जे औषध कोणत्याच तक्रारीशी जुळत नाही ते बहुधा चुकीचे वाचलेले असते. तिसरी साक्ष मागच्या भेटीच्या चिठ्ठीची, कारण दीर्घकाळच्या आजारांत औषधे सहसा एकदम बदलत नाहीत.

अनेक जण या ठिकाणी केमिस्टने दिलेली पट्टी आणि बिल यांवर पूर्ण भिस्त ठेवतात. पट्टीचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. २०१८ पासूनच्या नियमानुसार एकाच घटकाच्या बहुतेक औषधांवर मूळ औषधाचे नाव कंपनीने ठेवलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते, त्यामुळे चिठ्ठीवरील ब्रँडचे नाव नीट लागले नाही तरी पट्टीवरून औषध ओळखता येते. बिलावरील संख्याही बोलकी असते, कारण तीस दिवसांसाठी साठ गोळ्या दिल्या असतील तर केमिस्टने ‘बीडी’ वाचले आहे हे उघड होते. तरीही पट्टी आणि बिल हे केमिस्टच्या वाचनाचे फलित आहे, डॉक्टरांच्या मनातल्या औषधाचा तो स्वतंत्र पुरावा नव्हे. टेक्सासमध्येही बाटलीवर छापलेले नाव आणि बाटलीतील औषध एकमेकांशी जुळतच होते. म्हणून चिठ्ठीचे वाचन पट्टीशी न जुळल्यास, किंवा प्रश्नचिन्ह तसेच उरल्यास, दवाखान्यात फोन करणे हाच एक मार्ग उरतो, आणि विचारताना ‘हे अमुकच ना?’ असे नाव सुचवून विचारू नये. ‘तिसऱ्या ओळीतले औषध कोणते आणि कशासाठी?’ असे विचारावे, म्हणजे पलीकडचे माणूस घाईत नुसते ‘हो’ म्हणून मोकळे होत नाही. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो ठळक इंग्रजी अक्षरांत लिहावे, अशी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ सालीच झाली आहे, तेव्हा असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

एका चिठ्ठीचे वेळापत्रक

मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड असलेल्या सत्तरीच्या एका स्त्रीच्या नावे पुढील चिठ्ठी आहे असे समजू. ती नमुना म्हणून रचलेली असली तरी अशा चिठ्ठ्या रोज लिहिल्या जातात. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, ओडी, अनशापोटी. पॅन्टोप्राझोल ४०, ओडी, बीबीएफ. ग्लिमेपिराइड १, १-०-०, एसी. मेटफॉर्मिन ५०० एसआर, बीडी, पीसी. टेल्मिसार्टन ४०, ओडी. कॅल्शियम ५००, ०-१-०, पीसी. अटोर्वास्टॅटिन १०, एचएस. जीवनसत्त्व ‘ड’ ६० हजार युनिट, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. आणि पॅरासिटामॉल ६५०, एसओएस.

ही यादी घड्याळावर बसवण्याआधी घराची दिनचर्या लिहून घ्यावी लागते, कारण ‘जेवणाआधी’ या शब्दाला घरातले जेवण केव्हा होते हे कळल्याशिवाय अर्थ येत नाही. या घरात आजी सहाला उठतात, चहा घेतात, साडेआठला नाश्ता, एकला जेवण, रात्री आठला जेवण आणि दहाला झोप. यादीतले सर्वांत हट्टी औषध थायरॉक्सिन असते, म्हणून मांडणीची सुरुवात त्याच्यापासून करावी. ते पोटात इतर काही असले की नीट शोषले जात नाही. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी साध्या पाण्याबरोबर ते घ्यायचे असते, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून ते निदान चार तास दूर ठेवावे लागते, कारण ही खनिजे त्याला आतड्यातच बांधून ठेवतात. मराठी घरात खरी अडचण नाश्त्यापेक्षा उठल्याबरोबरच्या दुधाच्या चहाची असते. गोळी सहाला दिली तर चहा सातला, एवढा एक बदल दिनचर्येत करावा लागतो, आणि तो स्पष्ट लिहिला नाही तर गोळी रोज चहाबरोबर जाते आणि पुढच्या तपासणीत मात्रा कमी पडते आहे असा समज होतो.

पॅन्टोप्राझोल हे आम्लपित्ताचे औषध नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यायचे असते, कारण खाणे सुरू झाल्यावर जठरातील आम्ल तयार करणारी यंत्रणा कामाला लागते आणि त्या वेळी औषध रक्तात पोचलेले असावे लागते. त्याची वेळ आठ. ग्लिमेपिराइड शरीरातल्या इन्सुलिनचे प्रमाण वाढवते, म्हणून ते नाश्ता समोर आल्यावरच द्यावे. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, त्यामुळे ते खाण्यानंतर लगेच. टेल्मिसार्टनपुढे फक्त ‘ओडी’ आहे. त्याचा खाण्याशी संबंध नसतो, पण रोज एकच वेळ हवी. ती वेळ कोणती हे चिठ्ठी सांगत नाही, तेव्हा ती डॉक्टरांना विचारून ठरवावी. या उदाहरणात ती सकाळची ठरली आहे. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर येते आणि थायरॉक्सिनपासून सात तासांहून दूर पडते. हाडांच्या डॉक्टरांनी तेच कॅल्शियम १-०-० असे लिहिले असते, तर नाश्त्यानंतर नऊला ते थायरॉक्सिनच्या तीनच तासांनी आले असते. असा संघर्ष दिसला की वेळ स्वतः न हलवता तो डॉक्टरांपुढे मांडावा, आणि वेळापत्रक करणाऱ्याचा अधिकार तेथेच संपतो.

| वेळ | खाण्याशी संबंध | औषध |
|---|---|---|
| सकाळी ६:०० | अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा ७ नंतर | थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, १ गोळी |
| सकाळी ८:०० | नाश्त्याआधी अर्धा तास | पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, १ गोळी |
| सकाळी ८:३० | नाश्ता समोर आल्यावर, पहिल्या घासाआधी | ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, १ गोळी |
| सकाळी ९:०० | नाश्ता संपल्यावर लगेच | मेटफॉर्मिन ५०० एसआर, १ गोळी; टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, १ गोळी |
| दुपारी १:३० | जेवणानंतर लगेच | कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, १ गोळी |
| रात्री ८:३० | जेवणानंतर लगेच | मेटफॉर्मिन ५०० एसआर, १ गोळी |
| रात्री १०:०० | झोपताना | अटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम, १ गोळी |

चिठ्ठीवरील दोन औषधे या तक्त्यात मुद्दाम घेतलेली नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध रोजच्या ओळीत बसवले, की ते रोज दिले जाण्याची वाट मोकळी होते. जीवनसत्त्व ‘ड’च्या बाबतीत ही चूक हळूहळू भोवते, संधिवातात आठवड्यातून एकदा दिले जाणारे मेथोट्रेक्सेट रोज दिले गेल्यास मात्र रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो, आणि अशा मृत्यूंची नोंद अनेक देशांत आहे. म्हणून अशा औषधासाठी वेगळी चौकट करून ‘दर आठवड्याला’ असे मोघम न लिहिता ‘रविवार’ असे लिहावे, आठही रविवारांच्या तारखा मांडाव्यात, दिल्यावर त्या खोडाव्यात आणि पट्टी रोजच्या डब्यात न ठेवता वेगळी ठेवावी. पॅरासिटामॉलसारख्या ‘एसओएस’ औषधाला वेळच नसते. त्याच्या चौकटीत कोणत्या त्रासासाठी, एका वेळी किती, दोन गोळ्यांत किमान किती तास आणि दिवसात जास्तीत जास्त किती, या चार गोष्टी डॉक्टरांना विचारून लिहाव्यात. सर्दीच्या पुष्कळ तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, ही सूचना तेथेच असणे चांगले.

जेवण चुकले तर

घड्याळावर आधारलेले वेळापत्रक नाश्ता झाला नाही की कोसळते, आणि ग्लिमेपिराइडच्या बाबतीत ते रुग्णाला इजा करते. गोळी साडेआठला दिली, पण मळमळ वाटते म्हणून आजींनी खाल्लेच नाही, तर इन्सुलिन वाढते आणि साखर उतरू लागते: घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. वृद्ध माणसात यांतले केवळ गुंगी आणि असंबद्ध बोलणे एवढेच दिसू शकते आणि ते म्हातारपणाच्या खाती जमा होते. म्हणून या गोळीच्या ओळीत वेळेपेक्षा अट मोठ्या अक्षरांत हवी: नाश्ता समोर नसेल तर गोळी नाही, आणि घरच्यांना फोन. साखर उतरल्याची शंका आली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी द्यायचे, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवायची, हेही त्याच कागदावर असावे.

उपवास हा याच अडचणीचा ठरलेल्या तारखांना येणारा प्रकार आहे, आणि महाराष्ट्रातील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तो धरल्याशिवाय वेळापत्रक पुरे होत नाही. संकष्टीला दिवसभर थोडेसे खाऊन जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे बहुधा रात्री उशिरा होते. एकादशीला नाश्त्याच्या जागी साबुदाण्याची खिचडी येते, जिने साखर आधी भराभर चढते. नवरात्रात तर हे नऊ दिवस चालते. अशा दिवशी कोणती गोळी द्यायची, कोणती गाळायची आणि रात्रीचे मेटफॉर्मिन किती वाजेपर्यंत चालेल, हे पुढच्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ‘उपवासाचा दिवस’ असा दुसरा छोटा तक्ता करणे हाच व्यवहार्य उपाय होय. उपवास सोडा असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. आजी उपवास करतात आणि गोळीही घेतात.

भिंतीवरचा कागद

वेळापत्रक ज्यांच्या हाती जायचे त्या मावशींना इंग्रजी वाचता येत नसेल, तर औषधाचे नाव मराठीत लिहावे आणि शेजारी पट्टीवर छापलेली इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी मोठी काढावीत, म्हणजे आकार जुळवून ओळख पटते. ‘छोटी पांढरी गोळी’ अशी ओळख लिहू नये, कारण पुढच्या महिन्यात केमिस्टने दुसऱ्या कंपनीचे तेच औषध दिले की रंग आणि आकार दोन्ही बदलतात. केमिस्ट पट्टी कापून देतो तेव्हा नाव किंवा मुदतीची तारीख असलेला तुकडा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जाऊ शकतो, तेव्हा पूर्ण पट्टी मागून घ्यावी. गिळायला त्रास होतो म्हणून गोळी कुटून देण्याची पद्धत घरोघर आहे. तिच्याबद्दल तक्त्यातच इशारा हवा, कारण मेटफॉर्मिनपुढील ‘एसआर’ याचा अर्थ औषध हळूहळू सुटावे अशी तिची रचना आहे, आणि ती कुटली की सगळी मात्रा एकदम सुटते. पॅन्टोप्राझोलवरील आवरणही ते जठरातील आम्लात नष्ट होऊ नये म्हणूनच असते.

प्रत्येक ओळीपुढे रोजची रिकामी चौकट असावी आणि तिच्यात नुसती खूण न करता गोळी खरोखर दिली ती वेळ लिहावी, कारण दुपारी दुसरे कोणी आले तर सकाळची गोळी गेली की नाही याचा उलगडा त्या आकड्यानेच होतो. शंका असताना ‘एक जास्त गेली तरी चालेल’ असे मानून पुन्हा देणे साखरेच्या आणि रक्तदाबाच्या औषधांत सर्वांत धोक्याचे असते. विसरलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून द्यायची नाही, हा नियम तक्त्याच्या तळाशी राहावा.

तक्त्याच्या डोक्यावर तो ज्या चिठ्ठीवरून केला तिची तारीख लिहावी, कारण नवी चिठ्ठी आली की जुना तक्ता चुकीचा ठरतो. रुग्ण इस्पितळातून घरी आल्यावर धोका सर्वाधिक असतो: तेथील कागदावर टेल्मिसार्टन दुसऱ्या ब्रँडच्या नावाने लिहिलेले असते, घरी जुनी पट्टी शिल्लक असते, आणि दोन वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या म्हणून तेच औषध दुप्पट जाऊ लागते. त्या दिवशी घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून, ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या नावाने त्यांची यादी करावी, नव्या चिठ्ठीशी एकेक ओळ ताडून पाहावी, जे बंद झाले ते डब्यातून बाहेर काढावे, आणि मगच भिंतीवरचा जुना कागद फाडून नवा लावावा.